नागीण गेली, मग आग कसली?

गेल्या फेब्रुवारीत मंगरूळपीरच्या एका वस्तीत आम्ही विहारासमोर टेबल टाकून रक्तदाब तपासायला बसलो होतो. रांगेत एक आजी उभ्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास. पदर उजव्या कुशीपासून हाताने दूर धरलेला, जणू आत निखारा बांधला आहे. ब्लाउजची उजवी शिवण त्यांनी स्वतःच उसवून टाकली होती. आम्ही विचारले, तर म्हणाल्या, "बाई, दिवाळीनंतर नागीण निघाली होती. ते गेली, खपल्याही पडल्या. पण तिनं आंगात इख सोडलं वं. कपडा लागला की जीव जाते."

सोबत सून होती. ती वैतागलेली होती, पण वाईट नव्हती. म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच पाहा, कातडीवर काहीच नाही. कापूस वेचून झाला, तूर सोंगून झाली, पण यांचं दुखणं काही सरत नाही. रात्रभर बसून राहतात आणि आम्हालाही झोपू देत नाहीत."

आम्ही पाहिले. पाठीच्या कण्यापासून बरगडीखालून बेंबीच्या वरपर्यंत, फक्त उजव्या बाजूला, चार बोटे रुंदीचा एक पट्टा होता. त्यात काही पांढुरके, काही काळपट डाग. फोड नाही, सूज नाही, पू नाही. सुनेचे म्हणणे खरे होते, कातडी बरी झाली होती. आजींचे म्हणणेही तितकेच खरे होते. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी, हे घराघरात कळले नाही तर अशा म्हाताऱ्या माणसांना दुखण्यासोबत घरातला संशयही सोसावा लागतो. म्हणून हा लेख.

नागीण म्हणजे साप नव्हे

आपल्याकडे अजून असे मानतात की नागीण कमरेभोवती फिरत जाते आणि तिचे तोंड शेपटीला लागले की माणूस दगावतो. त्या भीतीपोटी आजींना आधी जाणत्याकडे नेले होते. त्याने गेरू लावला, मंत्र म्हटला आणि पाच फेऱ्या सांगितल्या. तीन आठवड्यांनी खपल्या पडल्या आणि श्रेय मंत्राला गेले.

खरी गोष्ट अशी आहे. लहानपणी ज्या विषाणूमुळे कांजिण्या येतात, तोच विषाणू नागीण आणतो. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंना नसांच्या मुळाशी लहान लहान गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले, मधुमेह झाला, कॅन्सरचे औषध सुरू असले किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती उतरली, की तो एखाद्या गाठीत पुन्हा जागा होतो आणि तिथून निघणाऱ्या नसेतून कातडीपर्यंत उतरतो. कांजिण्या आणि नागीण यांचा हा संबंध इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या छोट्या गावातल्या एका साध्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी, एडगर होप-सिम्पसन यांनी, आपल्या रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदी ठेवून १९६५ साली मांडला. पुढे प्रयोगशाळेतही तो खरा ठरला.

आता विळख्याचे पाहू. बरगडीखालून जाणारी प्रत्येक नस कण्यापासून निघते आणि पोटाच्या मध्यरेषेवर संपते. उजवी नस उजव्याच अंगाची, डावी डाव्याच अंगाची. म्हणून नागिणीचे फोड एका बाजूला पट्ट्यासारखे येतात आणि मध्यरेषेशी थांबतात. विळखा पूर्ण होण्याआधी मंत्राने नागीण अडवली असे जे वाटते, ते खरे तर नस तिथेच संपलेली असते. आणि फोड तर औषधाशिवायही साधारण दोन ते चार आठवड्यांत सुकतात. मंत्राने कातडी बरी केली नाही आणि आतल्या नसेपर्यंत तर तो पोहोचणेच शक्य नव्हते. त्यात जे दिवस गेले, तेच उपचाराचे मोलाचे दिवस होते.

साल निघालेली वायर

विषाणू नसेतून उतरतो तेव्हा तो वाटेतली नस जाळत येतो. कातडीवरचा फोड आपल्याला दिसतो, नसेची इजा दिसत नाही. कातडी महिन्यात नवी होते. नस तशी भरून येत नाही. तिला खूप वेळ लागतो, आणि काही धागे कायमचे जातात.

शेतातल्या मोटारीची वायर डोळ्यांपुढे आणा. वरची साल निघाली, आतले काही तार तुटले, काही एकमेकांना टेकले. मग बटण दाबले नाही तरी ठिणगी उडते. इजा झालेली नस अशीच वागते. कातडीला कोणी हात लावला नाही तरी ती आपणहून मेंदूला कळवत राहते, "जळतंय, जळतंय." हा झाला एक बिघाड.

दुसरा बिघाड वरच्या जोडणीत होतो. महिनोन्‌महिने अशा खोट्या खबरा येत राहिल्या की पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू जास्तच हळवी होते. स्पर्शाचे धागे आणि दुखण्याचे धागे वेगवेगळे असतात. पण आता स्पर्शाची साधी खबरही ती दुखण्याच्या खात्यात टाकते. म्हणून पदराचा स्पर्श चटका होतो, आणि पंख्याचा वारा सुया टोचल्यासारखा लागतो. गंमत अशी की त्याच पट्ट्यात काही जागा बधिरही असते, कारण तिथले धागे तुटलेले असतात. "बधिर आहे म्हणता, मग दुखते कसे?" असा प्रश्न विचारून आपण रुग्णाला खोटे पाडतो. उलट, एकाच जागी बधिरपणा आणि आग असणे ही नसेच्या दुखण्याची ओळख आहे.

आम्ही त्या दिवशी सुनेच्या हातात कापसाचे एक बोंड दिले. त्यातला एक पेळू ओढायला सांगितला आणि तो आधी सासूच्या डाव्या कुशीला फिरवायला लावला. आजी म्हणाल्या, "गुदगुल्या होतात." मग तोच पेळू उजव्या पट्ट्यावरून फिरवला. आजी ओरडल्या आणि त्यांनी सुनेचा हात धरला. सून घाबरून कापसाकडे पाहत राहिली. कापसाने कोणाला दुखत नाही. दुखले, म्हणजे बिघाड नसेत आहे. मग आम्ही स्टीलचा थंड चमचा लावून पाहिला. काही जागी तो भाजल्यासारखा लागला, काही जागी कळलाच नाही. या तपासणीला मशीन लागत नाही. फोड येऊन गेल्याचा इतिहास, त्याच एका पट्ट्यातले दुखणे आणि अशी स्पर्शाची उलटापालट, एवढ्यावर डॉक्टर निदान करतात. पुरळ उठल्यापासून तीन महिने उलटूनही दुखणे राहिले तर त्याला नागिणीनंतरचे नसदुखणे म्हणतात.

हे सगळ्यांना होत नाही. तरुणांत क्वचित, पन्नाशीनंतर जास्त, साठी-सत्तरीनंतर आणखी जास्त. ज्यांना फोडांच्या वेळीच फार दुखले, ज्यांचे फोड दाट होते किंवा डोळ्याच्या भागात होते, त्यांना धोका अधिक.

एक गोष्ट आणखी. सुनेने आजींचे ताट-वाटी वेगळी ठेवली होती. फोड ओले असताना त्यातल्या पाण्यातून, ज्यांना कांजिण्या झाल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात. म्हणून तेव्हा फोड कापडाने झाकावेत आणि लहान बाळ, गरोदर बाई यांना जपावे. खपल्या धरल्या की तो धोका संपतो. नंतर राहणारी आग कोणालाही लागत नाही. वेगळे ताट हा काय प्रकार आहे हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. ते आपल्याच घरात, आपल्याच म्हातारीसमोर ठेवू नये.

चुकीची गोळी, बरोबर गोळी

आजींच्या मुलाने कष्टाचे पैसे घालून औषध केले होते. पिशवीत अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटे होती, अधूनमधून कमरेत सुईही घेतली होती. गुण आला नाही. येणारही नव्हता. त्या गोळ्या सूज असलेल्या दुखण्यावर चालतात, म्हणजे मुरगळा, सांधा, मार. इथे सूज नाहीच, बिघाड वायरमध्ये आहे. वर, या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर म्हाताऱ्या माणसाच्या पोटात अल्सर होतो आणि किडनीला इजा होते.

नसेच्या दुखण्याची औषधे वेगळी आहेत. आम्ही आजींना सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, किडनीची रक्ततपासणी आणि हृदयाचा ईसीजी पाहिला. मग अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे औषध १० मि.ग्रॅ. रात्री झोपण्याआधी एक गोळी, असे सुरू केले. मात्रा मुद्दाम कमी ठेवली. वयस्कर माणसाला हे हळूहळू वाढवायचे असते.

पाचव्या दिवशी आम्ही घरी गेलो तर गोळी बंद. शेजारच्या कोणीतरी पाकीट पाहून सांगितले होते, "ही तर वेड्याची गोळी आहे." मुलगा आमच्यावर रागावला होता, "माझी माय वेडी नाही."

त्याचा राग आम्हाला समजतो. हे औषध मुळात उदासीनतेच्या आजारावर निघाले, हे खरे आहे. पण तिथे त्याची मात्रा बरीच मोठी असते. मेंदूपासून मज्जारज्जूकडे उतरणारी, दुखण्याला लगाम घालणारी एक यंत्रणा शरीरात असते. हे औषध त्या यंत्रणेला बळ देते, म्हणून लहान मात्रेतही ते नसदुखण्यावर चालते. एकाच विळ्याने गवतही कापतात आणि भाजीही चिरतात. विळा चालवणाऱ्याला काय कापायचे आहे, ते पाहायचे. आणि मनाचा आजार असता तरी त्यात लाजण्यासारखे काय होते? तोही आजारच.

गोळी पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांनी आठवड्याने ती २५ मि.ग्रॅ. केली. आम्ही आजींना दुखणे आण्यांत सांगायला लावले, कारण एक ते दहाचे माप त्यांना परके होते. पहिल्या दिवशी "सोळा आणे." दोन आठवड्यांनी "चौदा आणे, पण झोप लागते." इथेच बहुतेक लोक औषध सोडतात. या गोळ्या तापाच्या गोळीसारख्या तासाभरात काम करत नाहीत. योग्य मात्रेवर दोन-चार आठवडे धीर धरावा लागतो. सहाव्या आठवड्यात आजी म्हणाल्या, "आता सहा आणे." ब्लाउजची शिवण सुनेने पुन्हा घातली, आतून जुन्या धुवट धोतराचे मऊ अस्तर लावून. पावसाळ्यात डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली. सहा आण्यांतले दोन आणे आजही उरले आहेत. थंडीत ते चार होतात.

त्रासही झाला, तो लपवणार नाही. तोंड कोरडे पडले, शौचाला घट्ट झाले, पहाटे उठताना चक्कर आली. म्हणून उशाशी बॅटरी ठेवली आणि आधी बसून मग उठायची सवय लावली. ज्यांना हृदयाचा विकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडकण्याचा त्रास आहे, त्यांनी तो डॉक्टरांना आधी सांगितलाच पाहिजे. अशा वेळी गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन ही दुसऱ्या जातीची औषधे देतात. ती अतिहळव्या नसेचा गोंगाट कमी करतात. त्यांनी गुंगी येते, पायावर सूज येऊ शकते, आणि किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. यातले कोणतेही औषध दुकानातून विचारून आणायचे नाही, आणि एकदम बंदही करायचे नाही. कातडी पूर्ण भरलेली असेल तर बधिर करणाऱ्या लिडोकेनची पट्टी किंवा मलमही उपयोगी पडते. मिरचीतल्या तिखट द्रव्याचे मलम असते, पण ते मोजून बनवलेले औषध आहे. ते ऐकून घरातली मिरची वाटून लावू नका. तसेच चुना, रॉकेल, गरम विटेचा शेक नको. बधिर जागी भाजल्याचे कळत नाही, आणि आम्ही अशा जखमा पाहिल्या आहेत.

सगळ्यांना आजींइतका गुण येत नाही. दुखणे अर्ध्यावर आले तरी औषध लागू पडले असे डॉक्टर मानतात. काहींना एक औषध चालत नाही, दुसरे चालते. बऱ्याच जणांचे दुखणे महिन्यांनी आपोआप ओसरते, काहींचे वर्षानुवर्षे राहते. "एका गोळीत मुळापासून बरे करतो" असे जो म्हणेल, त्याच्यापासून जपून राहा.

पहिले तीन दिवस

फोड येण्याआधी दोन-तीन दिवस एका बाजूला आग, ठणका किंवा मुंग्या येतात. मग लाल चट्ट्यावर पाण्याच्या फोडांचे झुबके दिसतात. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे पोहोचायचे. विषाणूची वाढ रोखणारे अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध तेव्हाच सर्वांत उपयोगी. मोठ्या माणसाला साधारणपणे ८०० मि.ग्रॅ. दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात, भरपूर पाण्यासोबत. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर मात्रा बदलतात. त्याने फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीचे दुखणे कमी होते. नंतरचे नसदुखणे टळेलच, अशी हमी मात्र त्याने मिळत नाही. तीन दिवस उलटले तरी घरी बसू नका. नवे फोड येत असतील तर डॉक्टर तरीही औषध देऊ शकतात.

चार वेळा मात्र एक तासही थांबायचे नाही. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर, नाहीतर नजर जाऊ शकते. कानात फोड येऊन तोंड वाकडे झाले तर. फोड अंगभर पसरले तर. आणि फोडांसोबत ताप येऊन माणूस बरळू लागला तर. तरुण माणसाला नागीण झाली, पुन्हा पुन्हा झाली, तर सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची मोफत तपासणी करून घ्यावी. यात कुजबुज करण्यासारखे काही नाही, लवकर कळले तर औषध आहे.

नागिणीची लसही आहे. २०२३ पासून भारतात पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची नवी लस मिळते. पण ती खाजगीत, हजारो रुपयांत. सरकारी लसीकरणात ती नाही. आणि नसदुखणे जडल्यानंतर लस घेऊन ते बरे होत नाही.

आमची मागणी

लसीचे भांडण लांबचे आहे. जवळचे भांडण साध्या गोळ्यांचे आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही दोन्ही औषधे केंद्र सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. म्हणजे कागदावर हक्क आहे. मग वाशिम जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात या दोन गोळ्या बारा महिने असल्या पाहिजेत. कापूस वेचणाऱ्या बाईला कमरेची ओटी त्याच जळत्या पट्ट्यावर बांधावी लागते. बांधली नाही तर त्या दिवसाची मजुरी जाते. तिला सांगू नका की कातडी बरी झाली, आता सहन कर.

चिठ्ठीवर औषध लिहिले आणि खिडकीवर "नाही" म्हटले, तर ते "नाही" तारखेसह लेखी मागा. एकट्या बाईला जमत नसेल तर महिला मंडळाने सोबत जावे. आशाताईंनी नागिणीचा रुग्ण दिसला की पहिल्याच दिवशी पाठवावा, आणि तीन महिन्यांनी त्याच घरात पुन्हा जाऊन एक प्रश्न विचारावा, "कपडा लागतो का?"

त्या सुनेने आता हे काम आपणहून घेतले आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीत एका काकांच्या पाठीवर फोड दिसले. लोक जाणत्याला बोलवायला निघाले होते. तिने त्यांना थांबवले आणि दुसऱ्याच दिवशी काकांना दवाखान्यात नेले. परतल्यावर आम्हाला म्हणाली, "सिस्टर, मी घरात कापसाचा पेळू ठेवला आहे. आता मला कोणी खोटं सांगू शकत नाही, आणि मीही कोणाला खोटं म्हणत नाही."

जय भीम.